मीटर ब्रिजची तोंडी परीक्षा: संभाव्य प्रश्न, नमुना उत्तरे आणि उत्तर देण्याचा क्रम

कोल्हापूर विभागीय मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकात मीटर ब्रिजचा प्रयोग ज्याच्या वाट्याला येतो, त्याला तो सोपा वाटतो. जोडणी चार तारांची, सूत्र एका ओळीचे आणि निरीक्षणे जेमतेम तीन-चार. गुण जातात ते नंतर, परीक्षकांसमोर जर्नल ठेवल्यावर. संतुलन बिंदू मध्यभागी का घ्यायचा, या प्रश्नाला ‘संवेदनशीलता जास्त असते म्हणून’ असे उत्तर येते आणि परीक्षकांनी पुढे ‘ती का जास्त असते?’ एवढेच विचारले की विद्यार्थी थांबतो. हा लेख त्या दुसऱ्या ‘का’साठी आहे. अज्ञात तारेचा रोध काढून तिची रोधकता ठरवण्याचा नेहमीचा प्रयोग येथे गृहीत धरला आहे.

## टप्पा १: समोर बसण्यापूर्वीची तयारी

तोंडी परीक्षेतील बरेचसे प्रश्न पुस्तकातून येत नाहीत, ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या निरीक्षण तक्त्यातून निघतात. त्यामुळे पाठांतराच्या आधी आपला तक्ता नीट वाचावा. अज्ञात तार कोणत्या गॅपमध्ये जोडली होती, रेझिस्टन्स बॉक्समधून किती ओहमचे प्लग काढले होते, संतुलन बिंदू किती सेंटीमीटरवर मिळाला आणि ते अंतर पट्टीच्या कोणत्या टोकापासून मोजले, या चार गोष्टी जर्नलकडे न पाहता सांगता आल्या पाहिजेत. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तार उजव्या गॅपमध्ये गेल्यावर तिच्या बाजूची लांबी शंभरातून वजा करून घ्यावी लागते आणि ती वजाबाकी विसरलेला तक्ता परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही.

उपकरणाकडेही एकदा डोळसपणे पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर अनेक प्रयोगशाळांतील तांब्याच्या जाड पट्ट्या आणि जोडस्क्रू काळपट पडलेले असतात, काही ठिकाणी हिरवट थरही दिसतो. जोडण्यापूर्वी तारांची टोके सँडपेपरने घासली असतील तर ‘का घासली?’ हा प्रश्न गृहीत धरावा. उत्तर असे द्यावे: “ऑक्साइडच्या थरामुळे जोडाच्या ठिकाणी जास्तीचा रोध येतो. तो अज्ञात रोधात मिसळतो आणि आपल्याला तो वेगळा काढता येत नाही.”

तपासा: गॅल्व्हॅनोमीटर, सेल, प्लग की, जॉकी, रेझिस्टन्स बॉक्स आणि अज्ञात तार यांसह विद्युत मंडलाची आकृती दोन मिनिटांत कोऱ्या कागदावर काढून पाहा. सेल तारेच्या दोन टोकांमध्ये, आणि गॅल्व्हॅनोमीटर मधल्या पट्टीपासून जॉकीपर्यंत आला पाहिजे. या दोन जागांची अदलाबदल ही आकृतीतील सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

## टप्पा २: तत्त्वाचा प्रश्न आधी, आणि तो चार वाक्यांत

पहिला प्रश्न बहुधा ‘मीटर ब्रिज कोणत्या तत्त्वावर चालतो?’ हाच असतो. ‘व्हीटस्टनचा सेतू’ एवढे दोनच शब्द बोलून थांबू नये, कारण मग पुढचा प्रश्न परीक्षक निवडतात. उत्तराचा क्रम असा ठेवावा: आधी संतुलन म्हणजे काय, मग प्रवाहांविषयीचे विधान, मग गुणोत्तर आणि शेवटी लांबीचा संबंध.

नमुना उत्तर: “मीटर ब्रिज व्हीटस्टनच्या संतुलित सेतूच्या तत्त्वावर चालतो. संतुलन बिंदूवर मधली पट्टी आणि जॉकीचा स्पर्शबिंदू यांचे विभव समान असते, म्हणून गॅल्व्हॅनोमीटरमधून प्रवाह जात नाही. त्यामुळे अज्ञात रोध X आणि बॉक्समधील रोध R यांमधून एकच प्रवाह जातो, तसेच तारेच्या दोन्ही भागांतूनही एकच प्रवाह जातो, आणि X : R हे गुणोत्तर तारेच्या दोन भागांच्या रोधांच्या गुणोत्तराइतके होते. तार सर्वत्र सारख्या जाडीची असल्याने रोध लांबीच्या प्रमाणात असतो, म्हणून

X = R × lx ÷ (१०० − lx)

असे सूत्र मिळते. येथे lx म्हणजे X असलेल्या बाजूच्या तारेची लांबी.”

या उत्तरातील ‘सारख्या जाडीची’ हे शब्द गाळू नयेत. लांबीवरून रोध ठरवण्याचा अधिकार आपल्याला केवळ तेवढ्या एका गोष्टीने मिळतो.

सावधान: ‘संतुलन बिंदूवर तारेतून प्रवाह वाहत नाही’ असे वाक्य दरवर्षी ऐकू येते आणि ते साफ चूक आहे. शून्य होतो तो गॅल्व्हॅनोमीटरमधील प्रवाह. तारेतून, X मधून आणि R मधून प्रवाह चालूच असतो. तो नसता तर संतुलन शोधायला काही उरलेच नसते.

## टप्पा ३: संतुलन बिंदू मध्यभागी का?

येथे उत्तराला दोन भाग आहेत आणि दोन्ही सांगितले तरच ते पूर्ण होते.

पहिला भाग मोजमापाचा आहे. मीटरपट्टीवर आपण १ मिलिमीटरपर्यंत वाचतो, म्हणजे लांबीत ०.१ सेंटीमीटरची अनिश्चितता धरावी लागते. ही अनिश्चितता lx मध्येही येते आणि १०० − lx मध्येही येते. संतुलन बिंदू ५० सेंटीमीटरवर असेल तर X मधील त्यामुळे येणारी त्रुटी ०.१ ÷ ५० अधिक ०.१ ÷ ५०, म्हणजे ०.४ टक्के असते. तोच बिंदू १० सेंटीमीटरवर असेल तर ०.१ ÷ १० अधिक ०.१ ÷ ९०, म्हणजे सुमारे १.१ टक्के होते, आणि ५ सेंटीमीटरवर ती २.१ टक्क्यांपर्यंत जाते. चूक तेवढीच, एका मिलिमीटरचीच. पण आखूड बाजूच्या लांबीत तिचा वाटा मोठा होतो.

हेच गणित ३३ सेंटीमीटरसाठी केले तर त्रुटी सुमारे ०.४५ टक्के येते. म्हणजे ५० पासून ३३ पर्यंत सरकल्याने फारसे बिघडत नाही. ‘बिंदू बरोबर ५० वरच हवा’ असा आग्रह म्हणूनच अनाठायी आहे, मधल्या तृतीयांशात म्हणजे साधारण ३३ ते ६७ सेंटीमीटरमध्ये असला की पुरे. अचूक ५० मिळावा म्हणून R ओहमच्या अपूर्णांकांत बदलत बसणाऱ्यांचा वेळ वाया जातो.

दुसरा भाग संवेदनशीलतेचा आहे. सेतूच्या चारही भुजांचे रोध साधारण एकाच पटीतले असतात, तेव्हा जॉकी थोडी सरकली तरी गॅल्व्हॅनोमीटरचा काटा ठळकपणे हलतो. एक भुजा फार लहान आणि दुसरी फार मोठी झाली की तेवढ्याच सरकण्याने काटा कमी हलतो, आणि नेमका कोणत्या मिलिमीटरवर तो शून्यावर आला हे ठरवणे अवघड होते.

नमुना उत्तर: “मध्यभागी बिंदू घेतल्यास लांबीतील एका मिलिमीटरच्या चुकीचा परिणाम सर्वांत कमी होतो, माझ्या निरीक्षणात तो सुमारे ०.४ टक्के आहे. शिवाय चारही रोध एकाच पटीतले असल्याने सेतू जास्त संवेदनशील असतो. म्हणून मी R असा निवडला की बिंदू मधल्या तृतीयांशात यावा.”

तपासा: ‘माझ्या निरीक्षणात’ हे शब्द आपल्या आकड्यानिशी बोलता येतात का? येत नसतील तर वरचा हिशेब आपल्या lx साठी आजच करून जर्नलच्या समासात पेन्सिलने लिहून ठेवा.

## टप्पा ४: X आणि R यांची जागा का बदलली?

सर्वांत जास्त गुण याच प्रश्नावर जातात, म्हणून येथे सावकाश जाऊ. ‘चूक टाळण्यासाठी’ हे उत्तर कोणत्याही प्रयोगाला लागू पडते, त्यामुळे त्याला काही किंमत नाही. कोणती चूक, ती कोठून येते आणि जागा बदलल्याने ती कशी कमी होते, हे तिन्ही या क्रमाने सांगावे लागते.

चूक आहे ती टोकांची. मीटरची तार दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्टीला डाखलेली असते. त्या जोडाला स्वतःचा थोडा रोध असतो, शिवाय तारेचे टोक आणि पट्टीवरील शून्य किंवा शंभर यांची रेघ तंतोतंत जुळतेच असे नाही. परिणाम असा की डाव्या बाजूची तार आपण वाचतो त्यापेक्षा विद्युतदृष्ट्या थोडी लांब असते आणि उजवीकडचीही तशीच, पण दोन्हीकडची वाढ सारखी नसते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा अज्ञात तारेचा खरा रोध ५.२० ओहम आहे, डाव्या टोकाची वाढ ०.६ सेंटीमीटरइतकी आणि उजव्या टोकाची ०.२ सेंटीमीटरइतकी आहे. R = ५ ओहम घेतला. X डाव्या गॅपमध्ये असताना संतुलन ५०.८ सेंटीमीटरवर मिळेल आणि

X = ५ × ५०.८ ÷ ४९.२ = ५.१६ ओहम.

आता X उजवीकडे आणि R डावीकडे नेला. संतुलन ४८.८ वर येईल, X च्या बाजूची लांबी ५१.२ होईल आणि

X = ५ × ५१.२ ÷ ४८.८ = ५.२५ ओहम.

दोन्ही उत्तरे वेगळी आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत, पण त्यांची सरासरी ५.२० येते. डावीकडे असताना मोठी वाढ X च्या बाजूला होती आणि ती मोजली न गेल्याने X कमी भासला, उजवीकडे गेल्यावर तीच वाढ R च्या बाजूला आली आणि X जास्त भासला.

नमुना उत्तर: “तारेच्या टोकांशी असलेला जोडाचा रोध आणि पट्टीची शून्यरेघ न जुळणे यांमुळे टोकत्रुटी येते. दोन टोकांची त्रुटी असमान असते. X आणि R यांची जागा बदलल्यावर ती एकदा X च्या आणि एकदा R च्या बाजूला जाते, म्हणून सरासरी घेतल्यास तिचा परिणाम बराचसा निघून जातो.”

‘बराचसा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. हुशार परीक्षक विचारतात, “पूर्ण निघून जातो का?” उत्तर आहे, नाही. त्याच तारेसाठी R = २ ओहम घेऊन पाहा. डावीकडून ७२.२ सेंटीमीटर मिळतील आणि X = ५.१९ येईल, जागा बदलल्यावर X च्या बाजूची लांबी ७२.६ होऊन X = ५.३० येईल. सरासरी होते सुमारे ५.२५, म्हणजे खऱ्या मूल्यापेक्षा जवळजवळ १ टक्का जास्त. संतुलन मध्याजवळ असतानाच अदलाबदल नीट काम करते. टप्पा ३ आणि टप्पा ४ यांचे नाते येथे कळते, आणि ते तोंडी परीक्षेत एका वाक्यात सांगता आले तर परीक्षक सहसा पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

सावधान: जागा बदलणे म्हणजे X आणि R यांना जोडलेल्या तारा गॅपच्या स्क्रूंतून सोडवून दुसऱ्या गॅपमध्ये जोडणे. सेलची टोके उलटी केली की झाले, असे समजून दोन ओळी भरलेल्या तक्त्यात दोन्ही वाचने जवळजवळ तंतोतंत सारखी दिसतात. ती सारखी दिसली म्हणजे प्रयोग उत्तम झाला असे नाही. तेथे बहुधा अदलाबदल झालेलीच नसते.

## टप्पा ५: ‘समजा असे केले तर?’ हे प्रश्न

या प्रश्नांत सूत्राकडे पाहून उत्तर शोधावे. सूत्रात नसलेली गोष्ट बदलली तर संतुलन बिंदू हलत नाही, एवढे धरून चालले की निम्मे काम होते. उरलेले निम्मे म्हणजे ती गोष्ट बदलल्याने आणखी काय बिघडते ते सांगणे.

सेलचे विभव बदलले तर? “संतुलन बिंदू बदलणार नाही, कारण तो रोधांच्या गुणोत्तरावर ठरतो. मात्र सेल फार कमजोर असेल तर काटा कमी हलतो आणि बिंदू नेमका ठरवता येत नाही. फार जास्त विभव घेतल्यास तार तापते.”

दुप्पट त्रिज्येची तार बसवली तर? “दोन्ही भागांचे रोध सारख्याच पटीने कमी होतील, गुणोत्तर तेच राहील आणि बिंदू हलणार नाही. पण तार एका ठिकाणी जाड आणि दुसरीकडे बारीक असेल तर सूत्रच लागू राहणार नाही.”

सेल आणि गॅल्व्हॅनोमीटर यांची अदलाबदल केली तर? “संतुलनाची अट तीच राहते, त्यामुळे बिंदूही तोच मिळतो. तरी तसे करू नये, कारण मग सेलचा प्रवाह जॉकीच्या टोकातून जाईल आणि प्रत्येक स्पर्शाला ठिणगी पडून तार खराब होण्याचा धोका राहील.”

जॉकी तारेवर घासत नेली तर? “तार झिजून तिची जाडी असमान होते. म्हणून जॉकी उचलून हलकेच टेकवायची असते.” येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सगळेच विद्यार्थी संतुलन मध्यभागी आणतात, त्यामुळे जुन्या मीटर ब्रिजची तार सर्वांत जास्त दाबली गेलेली असते ती नेमकी मध्यभागीच. बोट हलकेच फिरवले तरी तेथील खाचा जाणवतात.

तांब्याची तार का वापरत नाहीत? “तांब्याची रोधकता फार कमी, सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे, कॉन्स्टंटनची सुमारे ४.९ × १०⁻⁷ आहे. तांब्याची एक मीटर तार जवळजवळ लघुमंडलच करील, आणि तापल्यावर तिचा रोध लक्षणीय वाढेल. कॉन्स्टंटन किंवा मँगॅनिनचा रोध तापमानाने फारच कमी बदलतो.”

फार लहान रोध, समजा ०.०१ ओहम, याने मोजता येईल का? “नाही. जोडांचा आणि जोडतारांचा रोधच त्या पटीतला असतो. एक मीटर तारेचा रोध २ ओहम धरला तर ०.६ सेंटीमीटरची टोकत्रुटी म्हणजे ०.०१२ ओहम होते. मोजायची वस्तू चुकीपेक्षा लहान ठरते.”

कधीकधी परीक्षक उपकरण मुद्दाम बिघडवून ‘काय झाले ते सांगा’ म्हणतात. तेव्हा जॉकी आधी डाव्या आणि मग उजव्या टोकाजवळ टेकवून पाहावी. दोन्हीकडे काटा विरुद्ध दिशांना गेला तर जोडणी ठीक आहे. दोन्हीकडे एकाच दिशेला गेला तर एखाद्या गॅपमधली जोडणी तुटलेली आहे, किंवा रेझिस्टन्स बॉक्समधून एकही प्लग काढलेला नाही, किंवा चुकून ‘अनंत’चा प्लग निघाला आहे. कोठेच हलला नाही तर सेल, की आणि गॅल्व्हॅनोमीटरच्या तारा या क्रमाने पाहाव्यात. बॉक्समधील प्लग सैल असेल तर काटा हलतो, संतुलनही मिळते, पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी. हे शोधणे सर्वांत अवघड, म्हणून बॉक्समध्ये राहिलेले सर्व प्लग सुरुवातीलाच किंचित पिळून घट्ट करावेत.

## टप्पा ६: स्वतःच्या उत्तरावरील प्रश्न

शेवटी परीक्षक रोधकतेच्या आकड्यावर बोट ठेवून विचारतात, “या उत्तरात सर्वांत मोठी चूक कशामुळे आली असेल?” बहुतेक जण टोकत्रुटी सांगतात. आकडे तसे म्हणत नाहीत.

वरच्याच तारेची लांबी ६०.० सेंटीमीटर आणि व्यास ०.४० मिलिमीटर होता असे धरू. रोधकता = X × π × r² ÷ L या सूत्राने ती सुमारे १.०९ × १०⁻⁶ ओहम-मीटर येते, जी नायक्रोमच्या जवळपास आहे. आता त्रुटी पाहा. सेतूकडून आली ०.४ टक्के. लांबीकडून ०.१ ÷ ६०, म्हणजे ०.२ टक्क्यांहूनही कमी. स्क्रू गेजचे लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणून व्यासातील त्रुटी ०.०१ ÷ ०.४०, म्हणजे २.५ टक्के, आणि सूत्रात त्रिज्येचा वर्ग असल्याने ती दुप्पट होऊन ५ टक्के होते.

नमुना उत्तर: “सर्वांत मोठी त्रुटी व्यासाच्या मोजमापातून येते. तिचा वर्ग होत असल्याने तिचा वाटा सुमारे ५ टक्के आहे, सेतूचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. म्हणून मी व्यास तारेवर वेगवेगळ्या ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी परस्परांना लंब अशा दोन दिशांत मोजला आणि स्क्रू गेजची शून्यत्रुटी वजा केली.” शेवटचे वाक्य तसे खरोखर केले असेल तरच बोलावे, तक्त्यात व्यासाचे एकच वाचन असेल तर ते लगेच उघडे पडते.

तपासा: तारेची लांबी कोठून कोठे मोजली? स्क्रूखाली दाबलेला आणि पिळलेला भाग प्रवाहाच्या मार्गात येत नाही, म्हणून फक्त दोन स्क्रूंच्या मधली लांबी धरायची. पूर्ण तार मोजली असेल तर L जास्त आणि रोधकता तितकीच कमी येते.

उत्तर १.०८९१ असे कॅल्क्युलेटरवर दिसेल तसे लिहू नये. ५ टक्के त्रुटी असलेल्या संख्येत दोन सार्थ अंक पुरेसे आहेत, फार तर तीन. परीक्षकांनी ‘चार दशांश स्थळे कशी काय?’ असे विचारले तर त्यावर समर्थनीय उत्तर नसते; तेथे “हो सर, १.१ × १०⁻⁶ एवढेच लिहायला हवे होते” असे सरळ म्हणून जर्नलमध्ये दुरुस्ती करावी.